डिफाइन, एक्सप्लेन, ॲनलाइझ, इव्हॅल्युएट: इकॉनॉमिक्सच्या पेपरमध्ये प्रश्नातलं क्रियापद वाचून मार्कांचं प्लॅनिंग कसं करायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पेपर तपासताना आणि मुलांना शिकवताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते, विषय येत असतो, उत्तर मोठं असतं, पण जे विचारलंय ते लिहिलेलं नसतं. म्हणून इथे एकच प्रश्न घेतलाय, पेट्रोलवरच्या कराचा, आणि त्याचे चारही भाग शेवटपर्यंत सोडवून दाखवलेत. प्रश्न असा आहे:

(अ) मागणीची किंमत लवचिकता डिफाइन करा. [२]
(ब) पेट्रोलच्या मागणीची लवचिकता ठरवणारे दोन घटक एक्सप्लेन करा. [४]
(क) पेट्रोलवर अप्रत्यक्ष कर लावल्याने त्याची किंमत आणि विक्री यांवर काय परिणाम होईल ते आकृती काढून ॲनलाइझ करा. [६]
(ड) प्रदूषण कमी करायला पेट्रोलवर कर लावणं हा सरकारसाठी सगळ्यात चांगला मार्ग आहे का, इव्हॅल्युएट करा. [८]

चारही भाग एकाच टॉपिकवर आहेत, मग मला माहीत असलेलं सगळं चारही ठिकाणी लिहिलं तर काय बिघडलं?

बिघडतं, कारण प्रत्येक भागाचे मार्क वेगळ्या कामाला ठेवलेले असतात. डिफाइनमध्ये ही संज्ञा तुम्हाला अचूक माहीत आहे का एवढंच बघतात. एक्सप्लेनमध्ये बघतात की मुद्दा सांगितल्यावर "का" हे पण सांगता येतं का. ॲनलाइझमध्ये एका बदलामुळे दुसरा, दुसऱ्यामुळे तिसरा अशी साखळी लागते, मधली कडी न गाळता. आणि इव्हॅल्युएटमध्ये दोन्ही बाजूंच्या अशा साखळ्या तयार करून शेवटी वजन कुठे जास्त आहे ते ठरवायचं असतं. (अ) मध्ये तुम्ही कराचे फायदे-तोटे लिहिलेत तर ते कितीही बरोबर असले तरी तिथे त्याला मार्कच ठेवलेले नाहीत, आणि (ड) लिहायला लागणारी तीन-चार मिनिटं मात्र तिथे गेली.

कुठल्या भागाला किती वेळ द्यायचा?

पेपरचा एकूण वेळ भागिले एकूण मार्क, हा हिशोब परीक्षेच्या आधीच घरी करून ठेवा. केंब्रिजच्या आयजीसीएसई इकॉनॉमिक्समध्ये, २०२० पासून आलेल्या पॅटर्नप्रमाणे, पेपर २ हा ९० मार्कांचा आणि सव्वादोन तासांचा, म्हणजे १३५ मिनिटांचा, म्हणजे मार्काला दीड मिनिट. आपला वरचा २० मार्कांचा प्रश्न त्याच २-४-६-८ साच्यातला आहे, तर तो ३० मिनिटांत व्हायला हवा: ३, ६, ९ आणि १२ मिनिटं. आयबीच्या पेपर १ मध्ये २५ मार्कांना ७५ मिनिटं असतात म्हणजे मार्काला तीन मिनिटं, तिथे विचार करायला जास्त जागा आहे आणि अपेक्षाही तेवढीच जास्त आहे. त्यामुळे मित्राच्या बोर्डाचा हिशोब आपल्या पेपरला लावू नका.

एक सवय लावून घ्या, प्रश्न वाचताना आधी कंसातले मार्क बघायचे, मग क्रियापद, आणि मग विषय. बहुतेक मुलं उलटं करतात, "लवचिकता" शब्द दिसला की पेन चालू.

व्याख्या बरोबर होती तरी २ पैकी १ च का मिळाला?

कारण बहुतेक वेळा ती अर्धीच असते. "किंमत बदलली की मागणी बदलते" असं लिहिलं तर तो मागणीचा नियम झाला, लवचिकता नाही, त्याला काहीच मिळायचं नाही. "किंमत बदलली की मागणी किती बदलते ते" हे जवळ आलं, पण अजून सैल आहे. पूर्ण उत्तर असं: मागणीची किंमत लवचिकता म्हणजे वस्तूच्या किमतीतल्या बदलाला तिची मागणी किती प्रमाणात प्रतिसाद देते याचं माप, आणि ते मागणीतला टक्केवारी बदल भागिले किमतीतला टक्केवारी बदल असं काढतात.

यातला "टक्केवारी" हा शब्द सुटला की पकड सुटते. नुसतं "मागणीतला बदल भागिले किमतीतला बदल" लिहिलं तर उत्तर कुठलं एकक घेता त्यावर बदलेल, लिटरमध्ये एक आणि गॅलनमध्ये दुसरंच, आणि लवचिकता मुळात टक्क्यांत काढतात ती ही अडचण येऊ नये म्हणूनच. दोन वाक्यं लिहा आणि पुढे चला. उदाहरण द्यायची गरज नाही, पण व्याख्येबद्दल मनात शंका असेल तर एका ओळीचं उदाहरण कधीकधी वाचवतं, कारण त्यातून तुम्हाला समजलंय हे दिसतं.

एक्सप्लेनमध्ये दोन घटक विचारलेत, मी चार लिहिले तर चांगलं ना, त्यातले बरोबर असतील ते धरतील?

नाही. चार मार्क आणि दोन घटक याचा अर्थ एका घटकाला दोन मार्क: एक घटक ओळखल्याचा, एक तो का लागू होतो ते सांगितल्याचा. चार घटकांची नुसती नावं लिहिलीत तर त्यातल्या दोनांचाच विचार होणार आणि दोन्हींचा स्पष्टीकरणाचा मार्क रिकामा, म्हणजे ४ पैकी २. ही चूक मला खूप हळहळ वाटायला लावते कारण जास्त अभ्यास केलेली मुलंच ती करतात.

आपल्या प्रश्नात पहिला घटक, पर्यायी वस्तू. नुसतं "पर्याय कमी आहेत" इथे थांबलात तर तो ओळखल्याचा एक मार्क. पुढे "पेट्रोलवर चालणारी गाडी ज्याच्याकडे आहे त्याला दुसरं इंधन भरता येत नाही, त्यामुळे किंमत वाढली तरी तो वापर फारसा कमी करू शकत नाही आणि मागणी अलवचिक राहते" हे लिहिलंत की दुसरा. दुसरा घटक, काळ. "थोड्या दिवसांत लोकांना सवय किंवा गाडी बदलता येत नाही, पण काही वर्षांत ते इलेक्ट्रिक गाडी घेऊ शकतात किंवा कामाच्या जवळ राहायला जाऊ शकतात, त्यामुळे दीर्घकाळात मागणी जास्त लवचिक होते." संपलं. सहा मिनिटांत आरामात होतं.

अजून एक, घटक पेट्रोलचे विचारलेत. "चैनीच्या वस्तूंची मागणी लवचिक असते" हे वाक्य खरं आहे पण या प्रश्नात ते तरंगत राहतं, पेट्रोलला जोडलं नाही तर ते तुमच्या बाजूने काही करत नाही.

ॲनलाइझ आणि एक्सप्लेन यात मला खरंच फरक कळत नाही, दोन्हीकडे कारणंच द्यायची ना?

गोंधळ होणं साहजिक आहे, आयबीच्या यादीत तर हे दोन्ही शब्द एकाच पातळीवर, म्हणजे दुसऱ्या असेसमेंट ऑब्जेक्टिव्हमध्ये येतात. डिफाइन पहिल्यात, इव्हॅल्युएट आणि डिस्कस तिसऱ्यात. म्हणजे तुमच्या बोर्डाच्या सिलॅबसमध्ये कमांड वर्ड्सची जी यादी दिलेली असते ती एकदा स्वतः वाचाच, अर्थ थोडेफार बदलतात.

पण कागदावर कामाचा फरक असा, की एक्सप्लेनमध्ये साधारण एक उडी असते, कारण आणि परिणाम. ॲनलाइझमध्ये उड्या तीन-चार असतात आणि मधली एकही गाळता येत नाही. (क) चं नेहमी येणारं उत्तर असतं, "कर लावल्यामुळे किंमत वाढते आणि मागणी कमी होते." हे चुकीचं नाहीये, पण सहा मार्कांच्या प्रश्नात हे पहिलं आणि शेवटचं स्टेशन सांगून मधला सगळा रस्ता गाळल्यासारखं आहे. याला एक, फार तर दोन मार्क.

मग (क) चं सहा मार्कांचं उत्तर कसं दिसेल?

आधी आकडे ठरवून घेऊ म्हणजे बोलायला सोपं. समजा कर नसताना किंमत १०० आणि विक्री १००० एकक. सरकार प्रत्येक एककावर २० कर लावतं. नवी किंमत ११५, नवी विक्री ९४०. प्रश्नात आकडे नसतील तर परीक्षेत तुम्हाला असे आकडे बनवायची गरज नाही, पण विचार करताना फार मदत होते.

साखळी अशी. कर विक्रेत्याला भरावा लागतो म्हणून त्याचा प्रत्येक एककामागचा खर्च २० ने वाढतो. त्यामुळे आधीच्याच किमतीला तो आधीइतकं विकायला तयार नसतो, म्हणजे पुरवठा वक्र डावीकडे-वर सरकतो, आणि दोन वक्रांमधलं उभं अंतर बरोबर कराइतकं असतं. आता जुन्या १०० या किमतीला मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त होते. या टंचाईमुळे किंमत वर जायला लागते. किंमत वर गेली की एकीकडे मागणी आकुंचन पावते आणि दुसरीकडे पुरवठा थोडा विस्तारतो, आणि ११५ ला नवा समतोल येतो. मागणी अलवचिक असल्यामुळे किंमत १५ टक्के वाढूनही विक्री फक्त ६ टक्के कमी झाली, लवचिकता ०.४ (ऋण चिन्ह धरलं तर उणे ०.४), आणि २० पैकी १५ चा भार ग्राहकावर आणि ५ चा विक्रेत्यावर पडला कारण त्याच्या हातात आता ११५ वजा २० म्हणजे ९५ च राहतात.

ही शेवटची ओळ बघा, इथेच चांगलं उत्तर आणि बरं उत्तर वेगळं होतं. "किंमत पूर्ण कराइतकी वाढत नाही" हे कळलेला विद्यार्थी आकृती समजून काढतो. बाकीचे १२० लिहून मोकळे होतात, आणि पुरवठा वक्र तिरपा असताना ते चुकीचं आहे.

आकृतीला वेगळे मार्क असतात का? आणि सुंदर काढावी लागते का?

आकृती मागितली असेल तर तिचे मार्क असतातच, आणि ती न काढता कितीही छान लिहिलं तरी ते मार्क मिळत नाहीत. सुंदर नाही, वाचता येईल अशी हवी. चार गोष्टी तपासा: दोन्ही अक्षांना नावं (उभ्यावर किंमत, आडव्यावर प्रमाण), सगळ्या वक्रांना नावं, जुना आणि नवा समतोल दोन्ही अक्षांपर्यंत तुटक रेषांनी आणलेला, आणि वक्र कुठल्या दिशेने सरकला त्याचा बाण. पेट्रोलची मागणी अलवचिक म्हणताय तर मागणीचा वक्र उभट काढा, आडवा काढून खाली "अलवचिक" लिहिलं तर आकृती आणि लिखाण एकमेकांशी भांडतात.

आणि आकृती काढून सोडून देऊ नका. लिखाणात "आकृतीत दाखवल्याप्रमाणे पुरवठा वक्र पहिल्यावरून दुसऱ्यावर सरकतो, किंमत वाढते आणि प्रमाण घटतं" असा उल्लेख हवा. नऊ मिनिटांपैकी तीन आकृतीला आणि सहा लिखाणाला, असं मी सांगते.

इव्हॅल्युएट म्हणजे फायदे आणि तोटे लिहायचे, बरोबर?

तिथून सुरुवात होते. पण पाच फायदे आणि पाच तोट्यांची यादी लिहून दिलीत तर त्यात इव्हॅल्युएशन कुठे आहे? यादी म्हणजे माहिती. दोन्ही बाजूंना एक किंवा दोन मुद्दे घ्या पण प्रत्येकाची (क) सारखी साखळी करा, आणि मग ठरवा. आठ मार्कांत बारा मिनिटं आहेत, त्यातली पहिली दोन मिनिटं समासात प्लॅन करायला ठेवा: कराच्या बाजूने दोन शब्द, विरुद्ध दोन शब्द, आणि निकाल कशावर अवलंबून आहे ते एका शब्दात.

बाजूने: कर लावला की पेट्रोलची किंमत त्यातून इतरांना होणाऱ्या प्रदूषणाच्या खर्चाच्या जवळ जाते, जो जास्त जाळतो तो जास्त भरतो, वापर कमी होतो आणि प्रदूषण घटतं. शिवाय सरकारला महसूल मिळतो, आपल्या आकड्यांत २० गुणिले ९४० म्हणजे १८,८००, आणि तो सार्वजनिक वाहतुकीवर खर्च करता येतो.

विरुद्ध: मागणी अलवचिक आहे म्हणून वापर फक्त ६ टक्क्यांनी घटला, म्हणजे महसूल भरपूर आला पण प्रदूषण फारसं हललं नाही. आणि कमी उत्पन्नाच्या माणसाच्या मिळकतीतला मोठा हिस्सा या करात जातो, तसंच मालवाहतूक महागल्याने बाकीच्या वस्तूंच्या किमतीही वाढतात.

इथपर्यंत आलात तर दोन बाजू झाल्या. पण प्रश्नातला "सगळ्यात चांगला मार्ग" हा शब्द अजून तसाच पडलाय. त्याला हात लावायचा तर करासमोर दुसरा एखादा मार्ग ठेवायलाच लागतो, उदाहरणार्थ गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे नियम किंवा बस-रेल्वेला अनुदान. दुसऱ्या मार्गाचं नावही न घेता "म्हणून कर सगळ्यात चांगला" हे म्हणता येत नाही.

"पण", "तथापि", "दुसऱ्या बाजूने" असे शब्द वापरले की इव्हॅल्युएशन होतं असं ऐकलंय

शब्दाने होत नाही, त्याच्या मागे तुलना असेल तर होतं. "तथापि कराचे तोटेही आहेत" यात काही तोललेलं नाही. "तथापि मागणी अलवचिक असल्याने पहिल्या एक-दोन वर्षांत वापर थोडाच घटेल, लोकांकडे पर्याय आल्यावर हाच कर जास्त काम करेल" यात तोललंय, कारण कराचा परिणाम कधी कमी आणि कधी जास्त ते सांगितलं. काळ, कराचा आकार, लवचिकता, कोणावर भार पडतो, गृहीतक खरं आहे का, यातलं एक काहीतरी पकडून मुद्द्याचं वजन ठरवता येतं. सगळी पकडू नका, बारा मिनिटांत एक किंवा दोनच नीट होतात.

शेवटचा निष्कर्ष लिहायलाच हवा का, आणि तो "दोन्ही बाजू बरोबर आहेत" असा चालतो का?

लिहायला हवा आणि तो ठाम हवा. अशा प्रश्नांना साधारण लेव्हल पद्धतीने मार्क देतात, आणि एकच बाजू लिहिली किंवा निर्णयच दिला नाही तर वरच्या लेव्हलला जाणं अवघड होतं. "दोन्ही बाजू बरोबर आहेत, सरकारने विचार करून ठरवावं" हे निर्णय टाळणं झालं. पण आधी लिहिलेलेच मुद्दे परत लिहिणं हाही निष्कर्ष नाही, त्यात वेळ जातो आणि नवीन काही येत नाही. आपल्या प्रश्नाचा निष्कर्ष मी असा लिहीन:

"फक्त कर हा सगळ्यात चांगला मार्ग नाही, कारण पर्याय नसताना लोक जास्त पैसे भरून जवळजवळ तेवढंच पेट्रोल जाळतात. पण कराचा महसूल सार्वजनिक वाहतुकीवर खर्च केला तर पर्याय तयार होतात, मागणी जास्त लवचिक होते आणि मग तोच कर प्रदूषण कमी करू लागतो. त्यामुळे नुसत्या नियमांपेक्षा कर आणि अनुदान एकत्र हा जास्त चांगला मार्ग आहे, वाहतूक उभी करायला जी वर्षं लागतील तेवढा धीर सरकारकडे असेल तर."

तुमचं मत माझ्या उलट असलं तरी चालेल. मत कुठलं याला मार्क नाहीत, ते तुमच्याच आधीच्या साखळ्यांमधून निघतंय का याला आहेत.

प्रश्नात इव्हॅल्युएट शब्दच नसेल तर ओळखायचं कसं?

"डिस्कस", "कितपत सहमत आहात", "किती प्रमाणात", "आहे की नाही ते विचारात घ्या", या सगळ्यांत दोन बाजू आणि निर्णय लागतो. "जस्टिफाय" मध्ये मात्र एक बाजू निवडून तिला भक्कम आधार द्यायचा असतो. मार्क हा चांगला दुसरा पुरावा आहे, पेपरमधला सगळ्यात जास्त मार्कांचा भाग आणि त्यात "आहे का" किंवा "कितपत" असेल तर तो बहुतेक इव्हॅल्युएशनचाच.

उतारा किंवा तक्ता दिला असेल आणि "माहितीच्या आधारे" म्हटलं असेल तर?

मग तिथलाच आकडा किंवा तिथलीच ओळ उत्तरात यायला हवी. पुस्तकातलं बरोबर उत्तर लिहून उताऱ्याला हातही न लावणं यात ॲप्लिकेशनचे मार्क जातात. आणि आकडा नुसता उतरवू नका, त्याचं काहीतरी करा: "विक्री १००० वरून ९४० झाली" यापेक्षा "विक्री ६ टक्क्यांनी घटली, किमतीतल्या १५ टक्के वाढीच्या मानाने हे कमी आहे".

वेळ संपत आलाय आणि (ड) पूर्ण राहिलाय, काय करू?

चार मिनिटं उरली असतील तर प्रस्तावना, व्याख्या काही नको. बाजूने एक साखळी, विरुद्ध एक साखळी, आणि दोन ओळींचा निर्णय. एकाच बाजूचे तीन मुद्दे लिहिण्यापेक्षा हे जास्त देतं.

घरी सराव करताना माझं उत्तर ॲनलाइझ झालंय की नुसतं सांगितलंय, हे मला कसं कळणार?

लिहून झाल्यावर पेन्सिलने प्रत्येक "त्यामुळे", "म्हणून", "कारण" ला गोल करा. सहा मार्कांच्या उत्तरात एक-दोनच गोल दिसले तर साखळी तुटलीये. भरपूर दिसले तर प्रत्येकाच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचून विचारा, पहिल्यावरून दुसरं खरंच निघतं का. "कर लावला त्यामुळे मागणी वक्र डावीकडे सरकला" इथे शब्द आहे पण अर्थशास्त्र चुकलंय, विक्रेत्यावरच्या करात मागणी वक्र जागेवरच असतो, त्याच वक्रावर आपण वरच्या बिंदूकडे जातो. ही चूक दिसली की ते वाक्य खोडून तेवढीच कडी पुन्हा लिहा, अख्खं उत्तर नाही.